युरोची नोट, फ्रँकचं दुकान

(दृश्य: लुसर्न, श्वाननप्लाट्झ चौक. बसमधून उतरणारे पर्यटक, मागे तळं आणि लाकडी पूल.)

युरोप टूरची बस लुसर्नला आली की बहुधा याच चौकात थांबते. टूर मॅनेजर वेळ सांगतो, लोक पुलाचे फोटो काढतात आणि उरलेला वेळ समोरच्या दुकानांमध्ये जातो. घड्याळं, चॉकलेटं, चाकू, गाईच्या गळ्यातल्या घंटा. पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून येणाऱ्या कितीतरी सहली फ्रान्समधून स्वित्झर्लंडमध्ये शिरतात आणि पुढे इटलीत जातात. अलीकडे युरो आणि पलीकडेही युरो. त्यामुळे पाकिटातही युरोच असतात. मधल्या दोन-तीन दिवसांसाठी वेगळे फ्रँक कशाला घ्यायचे, असं घरी ठरलेलं असतं. त्यात दुकानाच्या दारावरच युरो घेतो अशी पाटी दिसते, म्हणजे मग प्रश्नच मिटला.

प्रश्न मिटत नाही. युरो चालतात, पण ते दुकानाने ठरवलेल्या भावाने चालतात. तो भाव काय आहे, आणि आपण दिलेल्या नोटेचं पुढे नेमकं काय होतं, हे आज गल्ल्यापाशी उभं राहून बघू.

(दृश्य: दुकानाच्या आत. फळीवरची पितळी घंटा, तिला बांधलेली किमतीची चिठ्ठी.)

या देशाचं चलन स्विस फ्रँक. दुकानात किंमत फ्रँकमध्ये लावलीच पाहिजे, असा इथला कायदा आहे. परकी नोट घेण्याचं बंधन मात्र कुणावरही नाही. दुकानदार युरो घेतो तो त्याच्या मर्जीने, आणि म्हणूनच भावही त्याचाच. बँकेत रोज हलणारा दर त्याने गल्ल्यावर लावलाच पाहिजे, असं नाही. तो एक आकडा ठरवतो, यंत्रात भरतो, आणि तो आकडा कित्येक दिवस तसाच राहू शकतो. याला फसवणूक म्हणता येणार नाही. पण हा आकडा आपण विचारल्याशिवाय कुणी सांगायला येत नाही, आणि तिथेच आपले पैसे जातात.

आता ही घंटा घेऊ. चिठ्ठीवर किंमत आहे 18.50 फ्रँक. समजा, आज बाजारात 1 युरोला 0.94 फ्रँक मिळतात. इथे फ्रँकच्या शंभराव्या भागाला रापेन म्हणतात, तेव्हा 94 रापेन. दुकानाने मात्र आपल्या यंत्रात 0.88 भरला आहे. एका युरोमागे सहा रापेनचा फरक. ऐकताना फारच किरकोळ वाटतो.

रांगेत एक मावशी आहेत, सोबत भाचा. मावशींनी पन्नास युरोची नोट काढली आहे.

"अहो मावशी, थांबा जरा. किती परत देणार ते आधी विचारू."

"अरे, विचारायचं काय त्यात? साडेअठराची वस्तू, पन्नासची नोट. देईल की उरलेले."

उरलेले मिळतात, पण फ्रँकमध्ये. इथली बहुतेक दुकानं युरोच्या फक्त नोटा घेतात, नाणी नाहीत, आणि परत देताना स्विस फ्रँक देतात. मावशींना मिळालेली पावती पडद्यावर आहे.

```
Total      CHF 18.50
EUR 50.00 x 0.88 = CHF 44.00
Rückgeld   CHF 25.50
```

शेवटच्या ओळीतला शब्द जर्मन आहे. ग्राहकाला परत दिलेली रक्कम, एवढाच त्याचा अर्थ. खरी गोष्ट मधल्या ओळीत आहे. दुकानाने फक्त घंटेपुरते युरो घेतलेले नाहीत. पन्नासच्या पन्नास युरो आधी फ्रँकमध्ये बदलले, त्यांचे 44 केले, त्यातून घंटेचे साडेअठरा कापले आणि साडेपंचवीस हातावर ठेवले. बाजाराच्या दराने त्या नोटेचे 47 झाले असते आणि परत 28.50 यायला हवे होते. तीन फ्रँक कमी आले. एक फ्रँक आज शंभर रुपयांच्या वर आहे, म्हणजे तीनशेहून जास्त रुपये गेले.

हे तीन फ्रँक आपण कशाच्या तुलनेत मोजतो, यावर बरंच अवलंबून आहे. नोटेच्या मानाने बघितलं तर नुकसान सहा टक्क्यांच्या थोडं वर. पण मावशींनी खरेदी केली आहे साडेअठरा फ्रँकची. त्या मानाने ते सोळा टक्के होतं. घंटा त्यांना साडेएकवीस फ्रँकला पडली.

शंभराची नोट दिली असती तर? शंभर युरोचे 88 झाले असते, बाजाराने 94. म्हणजे सहा फ्रँक गेले असते, आणि वस्तू तीच. उलट वीस आणि पाच अशा दोन नोटा दिल्या असत्या तर पंचवीस युरोचे 22 फ्रँक झाले असते, साडेतीन परत आले असते आणि नुकसान दीड फ्रँकवर थांबलं असतं. दुकानाचा भाव तिन्ही वेळा एकच आहे. नुकसान ठरतं ते नोट किती मोठी दिली त्यावरून. म्हणून परदेशात युरो रोख न्यायचेच असतील तर मनी चेंजरकडून पाच, दहा आणि वीसच्या नोटा मागून घ्या. ते शंभरच्या किंवा पन्नासच्या नोटा पुढे करतील. दोन मिनिटं हट्ट धरायला काही हरकत नाही.

(दृश्य: गल्ल्याजवळची छोटी पाटी. त्यावर भाव लिहिलेला.)

भाव कळायचा कसा? काही दुकानांत गल्ल्याशेजारी तो लिहिलेला असतो. अनेक ठिकाणी नसतो. मग एकच प्रश्न विचारायचा, नोट हातातच ठेवून: शंभर युरोचे तुमच्या हिशेबाने किती फ्रँक?

शंभरच का, त्याला कारण आहे. उत्तर मिळतं ते थेट टक्क्यांच्या भाषेत. दुकानदार म्हणाला 88, आणि मोबाइलवर बाजारभाव दिसतोय 94. सहाचा फरक, म्हणजे साधारण सहा टक्के. म्हणाला 92, तर दोन टक्के. सध्या दोन्ही चलनं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की हा हिशेब कागदाशिवाय जमतो.

उत्तर उलटं आलं तर मात्र सावध व्हायचं. काही दुकानदार म्हणतात, एक फ्रँकला एक युरो चौदा सेंट. आता हा आकडा कुठल्या बाजूने बघायचा? युरो देणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की युरोमागे किती फ्रँक असं सांगितलं तर आकडा जितका मोठा तितकं आपलं भलं, आणि फ्रँकमागे किती युरो असं सांगितलं तर जितका लहान तितकं बरं. गोंधळ झालाच तर एकाला त्या आकड्याने भागा. एक भागिले 1.14 म्हणजे 0.877. घंटेच्या दुकानाच्या भावापेक्षाही किंचित वाईट.

बाजारभाव बघायलाही खात्रीची जागा हवी. युरोपीय मध्यवर्ती बँक कामाच्या प्रत्येक दिवशी, तिथल्या वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास, आपल्या संकेतस्थळावर संदर्भ दर जाहीर करते. त्यात एका युरोमागे किती स्विस फ्रँक, हे थेट मिळतं. मोबाइलवर शोधताना EUR आणि CHF ही दोन संक्षिप्त नावं टाकली की झालं. हा आकडा सकाळी हॉटेलच्या वायफायवर एकदा बघून ठेवा. दिवसभरात त्यात सहसा इतका फरक पडत नाही की गल्ल्यावरचा हिशेब बदलावा.

(दृश्य: दुसरं दुकान. एकाच चिठ्ठीवर दोन किमती.)

आता हे दुसरं दुकान. इथे तर विचारायचीही गरज वाटत नाही, कारण चिठ्ठीवर दोन्ही किमती छापल्या आहेत, वर फ्रँक आणि खाली युरो. किती सोयीचं! चाकू 36 फ्रँक किंवा 40 युरो. शेजारी फ्रिजवर लावायचं चुंबक, 6 फ्रँक किंवा 7 युरो.

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा आणि फ्रँकच्या आकड्याला युरोच्या आकड्याने भागा. चाकूवर 36 भागिले 40, उत्तर 0.90. चुंबकावर 6 भागिले 7, उत्तर 0.857. दुकान एकच, दिवस एकच, फळीही एकच. भाव मात्र दोन.

कारण साधं आहे. दुकानाचा मूळ भाव 0.90 आहे. त्या हिशेबाने चुंबकाचे युरो होतात 6.67. ते छापताना वरच्या पूर्ण आकड्यावर नेले, 7 केले. बाजारभावाने ते चुंबक 6.38 युरोचं, म्हणजे आपण जवळजवळ दहा टक्के जास्त देतो. चाकूवर तोच फरक साडेचार टक्क्यांच्या आत राहतो. वस्तू जितकी स्वस्त, तितका पूर्णांकाने मारलेला हात मोठा. आणि सहलीत नातेवाइकांना वाटायला आपण घेतो त्या बहुतेक वस्तू याच स्वस्त फळीवरच्या असतात. अशी दहा चुंबकं घेतली तर छापील युरोप्रमाणे 70 होतात. फ्रँकमध्ये त्यांची बेरीज 60. तेव्हा दोन किमतींच्या दुकानात बेरीज फ्रँकमध्येच करायला सांगा, आणि मग एकदाच युरोत बदला. 60 भागिले 0.90 म्हणजे 66.67. नुसत्या क्रमाने सव्वातीन युरोहून जास्त वाचले.

(दृश्य: जुन्या बातम्यांचे तुकडे, झुरिकमधील स्विस नॅशनल बँकेची इमारत.)

दुकानदार भाव इतका खाली का ठेवतो? त्याचीही बाजू आहे. युरोच्या नोटा त्याला वेगळ्या ठेवाव्या लागतात, बँकेत भराव्या लागतात, बँक त्यावर आपला फरक कापते. आणि मधल्या दिवसांत दर घसरला तर तोटा त्याचा.

तो किती घसरू शकतो, याचं उदाहरण याच देशात घडलं. 6 सप्टेंबर 2011 रोजी स्विस नॅशनल बँकेने जाहीर केलं की युरोचा भाव 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ दिला जाणार नाही. तीन वर्षांहून जास्त काळ हा तळ टिकला. मग 15 जानेवारी 2015 रोजी सकाळी, कुठलीही पूर्वसूचना न देता, बँकेने तो काढून टाकला. काही मिनिटांतच युरो एका फ्रँकच्याही खाली कोसळला, आणि नंतर थोडा सावरला. आदल्या संध्याकाळी 1.20 च्या जवळपासच्या भावाने युरो घेऊन गल्ला बंद केलेल्या दुकानदाराला ती सकाळ महागात पडली असणार. खाली ठेवलेल्या भावात अशा दिवसांची तरतूद असते. पण सहा टक्के ही तरतूद फार मोठी आहे, असं मला वाटतं, आणि ती ग्राहकाने डोळे मिटून मान्य करू नये.

हा इतिहास आणखी एका कारणासाठी माहीत हवा. आधी जाऊन आलेले लोक सल्ला देतात की एकास एक भावाने युरो देऊ नका, लुटतात. युरो 1.20 ला होता तेव्हा हे अगदी बरोबर होतं. वीस फ्रँकच्या वस्तूला वीस युरो दिले की 24 फ्रँकचा माल हातातून जायचा. पण 2022 पासून पारडं फिरलं आणि फ्रँक युरोपेक्षा महाग झाला. आज एखाद्या टपरीवाल्याने एकास एक भावाने युरो घेतले तर फायदा तुमचा आहे. त्याच्याकडे युरोच द्या. जुना सल्ला जसाच्या तसा वापरला तर उलटा बसतो. म्हणून भाव चांगला की वाईट, हे त्या दिवशीचा बाजारभाव शेजारी ठेवल्याशिवाय ठरवू नका.

(दृश्य: हातात कार्ड, काउंटरवरचं यंत्र.)

बाजारभाव ही झाली मोजपट्टी. पण त्या भावाने आपल्याला कुणीच पैसे बदलून देत नाही. खरी तुलना करायची ती आपल्याकडच्या दुसऱ्या मार्गाशी, आणि तो मार्ग म्हणजे कार्ड.

भारतातल्या साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी चलनाच्या खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क लागतं आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. दोन्ही मिळून चार टक्क्यांच्या किंचित वर. काही कार्डांवर हे शुल्क कमी असतं, काहींवर अजिबात नसतं. निघण्याआधी आपल्या कार्डाचं बघून ठेवा. घंटेचे साडेअठरा फ्रँक अशा चार टक्क्यांच्या कार्डाने दिले असते तर जादा भुर्दंड पाऊण फ्रँकच्या आसपास पडला असता. मावशींचे गेले तीन. कार्डावर फक्त वस्तूच्या किमतीवर शुल्क लागतं, नोटेवर नाही, हा मोठा फरक आहे.

मग युरो द्यायचे कधी? दुकानाचा भाव बाजारभावाच्या दोन-तीन टक्क्यांत असेल आणि सुट्ट्या नोटा बिलाच्या जवळ जाणाऱ्या असतील, तर खुशाल द्या. फरक चारच्या पुढे गेला की कार्ड. पाकिटातल्या युरोंना पुण्यात विकत घेतानाच एकदा कात्री लागली आहे, हेही विसरू नका. रुपयाचे युरो केले, युरोचे फ्रँक झाले, आणि उरलेल्या फ्रँकचे इटलीत परत युरो केले, की तीनदा कात्री.

कार्डाच्या बाबतीत दोन गोष्टी. पहिली, फॉरेक्स कार्डात फक्त युरो भरले असतील तर फ्रँकच्या खरेदीवर बरीच कार्डं चलन बदलाचं वेगळं शुल्क लावतात, तेही साडेतीन टक्क्यांच्या आसपास असू शकतं. अनेक फॉरेक्स कार्डांत फ्रँकचा वेगळा कप्पा असतो. मुक्काम दोन-तीन दिवसांचा असला तरी त्यात थोडे फ्रँक भरून घ्या.

दुसरी गोष्ट यंत्राच्या पडद्यावर घडते.

(दृश्य: कार्ड यंत्राचा पडदा जवळून. दोन पर्याय, CHF 18.50 आणि शेजारी रुपयांतली रक्कम.)

कार्ड लावलं की यंत्र विचारतं, फ्रँकमध्ये घेऊ की रुपयांत? रुपये ओळखीचे, म्हणून बोट तिकडे जातं. पण ही दुकानाच्या पाटीचीच दुसरी आवृत्ती आहे. रुपये निवडले की दर ठरवते ती दुकानाची बाजू, आणि त्यात त्यांचं कमिशन मिळवलेलं असतं. तपासायची पद्धत मघाचीच. पडद्यावरच्या रुपयांना फ्रँकने भागा, एका फ्रँकला किती रुपये लावले ते कळेल. ते बाजारभावाशी ताडून बघा. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या संकेतस्थळांवर त्यांचा त्या दिवसाचा दरही बघता येतो. शिवाय रुपये निवडूनही काही भारतीय बँका परदेशातला व्यवहार म्हणून वेगळं शुल्क लावतातच. तेव्हा CHF निवडा. काउंटरवरची व्यक्ती कधी घाईत आपणच बटण दाबते. यंत्र आपल्याकडे वळवून मागा आणि पावतीवर CHF आहे ना, ते बघूनच निघा. रुपये आले असतील तर व्यवहार तिथल्या तिथे रद्द करून पुन्हा करायला सांगता येतं. हॉटेलवर पोहोचल्यावर ते जवळजवळ अशक्य होतं.

(दृश्य: हाताच्या तळव्यावर फ्रँकची नाणी. त्यात पाच फ्रँकचं मोठं नाणं.)

एवढं करूनही थोडे फ्रँक हातात येतातच. मावशींच्या साडेपंचवीसमध्ये वीसची एक नोट आहे आणि बाकी नाणी. यातलं पाच फ्रँकचं नाणं नीट बघा. दिसायला आपल्या नाण्यासारखं, पण किंमत पाचशे रुपयांच्या वर. मनी चेंजर नोटा बदलून देतात, परकी नाणी सहसा घेत नाहीत. इटलीत गेल्यावर या नाण्याचा एक कप कॉफीही येणार नाही.

म्हणून नाणी याच देशात संपवायची. कूप किंवा मिग्रोससारख्या किराणा दुकानात जा, पुढच्या प्रवासाचं पाणी, ब्रेड, फळं घ्या. बिल झाल्यावर काउंटरवर आधी सगळी नाणी ठेवा आणि सांगा की उरलेलं कार्डावर घ्या. अशी विभागून रक्कम बहुतेक ठिकाणी घेतात. बस सुटायच्या आदल्या संध्याकाळी हे उरकून टाका. रविवारी मात्र शहरातली बरीच दुकानं बंद असतात. त्या दिवशी मोठ्या रेल्वे स्टेशनमधली दुकानं गाठावी लागतील.